सुतारानं पत्ता मोडीत काढला, तांडेलाचा ट्रिगर कधी चालवायचा? (डेक-बिल्डिंग खेळाचं रूल्स इंजिन)

खाडीकाठ · रविवार, रात्री ९:४०

हर्णै बंदरावरच्या मासेमारीवर आधारलेला डेक-बिल्डिंग खेळ बनवतोय. कागदी पत्त्यांवर खेळ नीट चालतो. आता त्याचं इंजिन पायथॉनमध्ये लिहितोय आणि एका ठिकाणी टेबल आणि इंजिन यांची उत्तरं जुळत नाहीत.

सुरुवात नेहमीसारखी आहे. प्रत्येकाला १० पत्ते, त्यात ७ बांगडे आणि ३ फाटकी जाळी. दर पाळीला हातात ५ पत्ते. भांडणारे पत्ते हे दोन:

तांडेल (टेबलावर कायम राहतो): तुमचा पत्ता मोडीत निघाला की १ पत्ता ओढा.

सुतार: हातातला १ पत्ता मोडीत काढा. मग हातात ४ पत्ते होईपर्यंत ओढा.

तांडेल टेबलावर आहे. सुतार खेळल्यावर हातात ४ पत्ते उरले. त्यातला एक मोडीत काढला, म्हणजे ३. टेबलावर आमचे लोक आधी सुतार पुरा करतात, हात ४ होतो, आणि मग तांडेलाचा १ घेऊन ५. इंजिन मात्र ४ वरच थांबतं. लॉग असा:

```
सुतार#14 खेळला              हात 4
  मोडीत: बांगडा#7            हात 3
    तांडेल#3: ओढा 1          हात 4
  सुतार#14: 4 होईपर्यंत ओढा   हात 4
```

`trash()` फंक्शन शेवटी सगळ्या ट्रिगरांचे कॉलबॅक चालवतं, म्हणून असं होतं, एवढं कळलं. पण बरोबर कोण, टेबल की इंजिन?

वाशिष्ठी · रविवार, रात्री १०:०५

कॉलबॅक काढून टाका आणि स्टॅक लावा. मॅजिक: द गॅदरिंगमध्ये १९९९ च्या सहाव्या आवृत्तीपासून तेच आहे. ट्रिगर झाला की तो स्टॅकवर जातो, शेवटी आलेला आधी सुटतो. स्टॅक लावलात की क्रमाचे सगळे प्रश्न मिटतील आणि तुमच्या टेबलाचं ५ हेच उत्तर येईल.

रेवदंडा_८७ · रविवार, रात्री ११:२०

वाशिष्ठी, स्टॅक हवाच, पण ५ हे उत्तर स्टॅकमुळे येत नाही. इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. पहिला, ट्रिगर *कधी* चालतो: चालू पत्ता अर्धवट असताना की तो पुरा झाल्यावर. दुसरा, एकाच घटनेवर दोन ट्रिगर जागे झाले तर आधी *कोणता*. स्टॅक हे फक्त साठवण्याचं साधन आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं नियमपुस्तकात लिहावी लागतात, इंजिन ती शोधून देत नाही.

मॅजिकमध्ये पत्त्याचा परिणाम सुटत असताना मध्ये काहीही शिरत नाही. जागे झालेले ट्रिगर थांबून राहतात आणि पुढे कुठल्या तरी खेळाडूला काही करायची संधी मिळायच्या वेळी स्टॅकवर चढतात. तिथे ते शोभतं, कारण समोरचा खेळाडू उत्तर देऊ शकतो. डोमिनियन २००८ चा, हा प्रकार रूढ करणारा खेळ, आणि तिथे उलट आहे. पत्ता मोडीत निघाला की त्यावरचे ट्रिगर तिथल्या तिथे पुरे होतात आणि मग मोडीत काढणाऱ्या पत्त्याची पुढची ओळ वाचली जाते. दोन्ही पद्धती सुसंगत आहेत. पहिल्या पद्धतीत तुमचं उत्तर ५, दुसऱ्या पद्धतीत ४.

क्रमाबाबतही दोघे उलटे आहेत. मॅजिकमध्ये ज्याची पाळी आहे त्याचे ट्रिगर स्टॅकवर आधी चढतात, म्हणजे सुटतात शेवटी. डोमिनियनमध्ये ज्याची पाळी आहे त्याचे आधी चालतात आणि मग क्रमाने पुढच्यांचे. त्यामुळे 'स्टॅक लावा' हे अर्धंच उत्तर झालं.

खाडीकाठ, तुमच्या खेळात दुसऱ्याच्या पाळीत कोणी उत्तर देत नसेल तर मी 'लगेच' पद्धत घेईन. पत्ता वरून खाली वाचायचा, मध्ये काही घडलं तर ते संपवून पुन्हा त्याच ओळीवर यायचं. खेळणाऱ्याला डोक्यात काही साठवून ठेवावं लागत नाही. टेबलावर लोक ५ करतात कारण सुताराच्या पत्त्यावर दोन वाक्यं एका दमात वाचली जातात. पद्धत ठरवा आणि दुसऱ्या वाक्याआधी पत्त्यावर एक बारीक रेघ द्या, म्हणजे तिथे थांबायचं हे दिसेल.

आता बांधणी. कॉलबॅकने तुम्हाला ४ मिळालं, म्हणजे 'लगेच' पद्धतीचं बरोबर उत्तर मिळालं, तरी कॉलबॅक काढाच. कारण खाली येईल. पत्त्याचा परिणाम फंक्शन म्हणून न लिहिता पायऱ्यांची यादी म्हणून लिहा. चालू पत्ता म्हणजे एक फ्रेम, तिच्यात यादी आणि आपण कितव्या पायरीवर आहोत तो आकडा.

```python
def step(state):
    frame = state.stack[-1]
    if frame.pc == len(frame.steps):
        state.stack.pop()
        return
    op = frame.steps[frame.pc]
    frame.pc += 1
    watchers = list(state.watchers)
    events = apply(op, state, frame)
    hits = match(watchers, events)
    for t in reversed(in_order(state, hits)):
        state.stack.append(make_frame(t))
```

तीन ओळी जपून ठेवा. `frame.pc += 1` हे `apply` च्या आधी हवं. ट्रिगराच्या फ्रेमा वर चढल्या आणि त्या संपल्यावर आपण परत आलो की पुढची पायरी मिळाली पाहिजे. आकडा उशिरा वाढवला तर सुतार तोच पत्ता दुसऱ्यांदा मोडीत काढायला जातो. `reversed` का, तर स्टॅकवर शेवटी ठेवलेलं आधी सुटतं, म्हणून आधी चालायचा तो शेवटी ठेवायचा. हा `reversed` विसरला तर एकच ट्रिगर असेपर्यंत काही कळत नाही. दोन आले की खेळाडूने निवडलेला क्रम बरोब्बर उलटा चालतो. `list(...)` ची गरज पुढे पडेलच.

सागवान · सोमवार, सकाळी ८:१५

माका एक शंका आसा, मध्येच विचारतंय. सावंतवाडीच्या गंजिफेचो खेळ फोनवर आणूचो आसा. दशावतारी गंजिफा, १० रंग, प्रत्येकात १२, असे १२० पत्ते. त्येका पण ह्यो स्टॅक नि फ्रेम लागतली काय? पिसण्याचो क्रम तर माझ्याकडे बरोबर येता.

रेवदंडा_८७ · सोमवार, सकाळी ९:००

नाही लागणार. इथे क्रम म्हणजे पिसण्याचा क्रम नव्हे, पत्त्यांच्या परिणामांचा क्रम. गंजिफेत पत्त्यावर मजकूर नाही. कोणी उतरायचं, हात कोणी जिंकला, पुढची उतारी कोणाची, एवढं एका साध्या अवस्थायंत्रात बसतं. स्टॅक लावलात तर उगाच ओझं होईल. स्वतंत्र धागा काढा, तिथे लिहितो.

खाडीकाठ · सोमवार, रात्री ९:१०

'लगेच' पद्धत घेतली, इंजिन यादी आणि फ्रेमांवर आणलं, सुतार आता ४ देतो आणि टेबलावरच्या मंडळींनाही पटलं. पुढची अडचण. फाटक्या जाळ्यावर मजकूर आहे: हे मोडीत निघालं की हातातला १ पत्ता टाकून द्या. म्हणजे सुताराने जाळं मोडीत काढलं तर तांडेल आणि जाळं दोन्ही जागे होतात. सध्या जो आधी नोंदला तो आधी चालतो. एक ओढा, एक टाका, कुठल्याही क्रमाने हातात तेवढेच पत्ते उरतात. मग खेळाडूला विचारायची गरज आहे का?

रेवदंडा_८७ · सोमवार, रात्री १०:३०

आकडा तोच राहतो, पत्ते तेच राहत नाहीत. एक स्थिती घेऊन शेवटपर्यंत चालवून बघा.

जाळं मोडीत निघालं. हातात बांगडा, बांगडा, सुरमई असे ३. ओढायचा गठ्ठा रिकामा. टाकलेल्या ढिगात दोनच पत्ते, पापलेट आणि मचवा.

तांडेल आधी चालवला: गठ्ठा रिकामा, म्हणून ढीग पिसून गठ्ठा झाला २ चा. एक ओढला, समजा पापलेट, हात ४. आता जाळ्यामुळे एक टाकायचा, तर बांगडा टाकला, हात ३. मग सुतार ४ होईपर्यंत ओढतो, गठ्ठ्यात उरलेला मचवा येतो. हातात सुरमई, पापलेट, मचवा आणि एक बांगडा. हे नक्की, यात नशिबाचा भाग नाही.

जाळं आधी चालवलं: बांगडा टाकला, हात २, ढीग झाला ३ चा. आता तांडेल ओढायला गेला, गठ्ठा रिकामा, तो तीनचा ढीग पिसला आणि एक आला. सुताराने आणखी एक आणला, हात ४. तीनातले दोन आले. म्हणजे नुकताच टाकलेला बांगडा तीनात दोन वेळा हातात परत येणार आणि पापलेट किंवा मचवा गठ्ठ्यात अडकून राहणार.

दोन्ही वेळा हात ४, पण पहिला हात खूप चांगला. नोंदणीच्या क्रमावर हे सोडलं तर तांडेल टेबलावर आधी आला की नंतर, यावर निकाल ठरेल आणि खेळाडूला ते कुठेच दिसणार नाही. म्हणून `in_order` मध्ये एकाच खेळाडूचे दोन वेगळे ट्रिगर असतील तर त्याला विचारा. दोन खेळाडूंचे असतील तर ज्याची पाळी त्याचे आधी.

इथे आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, खेळलेला सुतार पाळी संपेपर्यंत टेबलावरच राहिला पाहिजे. खेळल्याबरोबर तो टाकलेल्या ढिगात गेला तर वरच्या पिसण्यात तोही शिरतो आणि आपल्याच परिणामाने हातात येऊ शकतो. लॉगमध्ये पिसताना ढिगातले पत्ते मोजून छापा. वरच्या पहिल्या चालीत २ च्या जागी ३ दिसले की चूक हीच. दोन, जाळ्याचा ट्रिगर `watchers` मध्ये सापडणार नाही, कारण जाळं हातात होतं, टेबलावर नव्हतं. जो पत्ता हलला त्याचे स्वतःचे 'हे मोडीत निघालं की' असे ट्रिगर घटनेतूनच उचलावे लागतात.

कुडाळी · मंगळवार, दुपारी १:४५

दर वेळी विचारलं तर फोनवर खेळणारा कंटाळेल. आमच्या खेळात आम्ही ठरावीक प्राधान्य दिलं: ओढणारे ट्रिगर आधी, टाकणारे नंतर. बहुतेक वेळा खेळाडूला तेच हवं असतं.

रेवदंडा_८७ · मंगळवार, दुपारी ३:१०

बहुतेक वेळा, हे खरं. पण टाकलेला पत्ता परत हवा असेल, म्हणजे 'हा पत्ता टाकला की २ नाणी' असं काही ढिगातून पुन्हा यायला हवं असेल, तेव्हा उलटा क्रम लागतो आणि नेमका जाणता खेळाडू अडतो. विचारणं कमी करायचं असेल तर असं करा: एकच ट्रिगर असेल तर विचारू नका, सगळे ट्रिगर एकाच मजकुराचे असतील तर विचारू नका, आणि बाकी वेळी तुमचा ठरावीक क्रम आधीच मांडून दाखवा, एका टिचकीत मान्य होईल असा.

कुडाळी · मंगळवार, दुपारी ३:४०

एकाच मजकुराचे दोन असले तरी क्रम महत्त्वाचा असू शकतो, समजा एकावर सोंगट्या ठेवलेल्या आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत.

रेवदंडा_८७ · मंगळवार, दुपारी ४:००

बरोबर. मजकूर आणि पत्त्याची स्थिती, दोन्ही सारखं असेल तरच.

खाडीकाठ · बुधवार, रात्री ८:५०

नवा घोळ. टेबलावर दोन तांडेल आहेत. 'होळी' या पत्त्याने टेबलावरचा एक तांडेल मोडीत काढला. माझ्या मते मोडीत निघणारा तांडेल स्वतःही जागा व्हावा आणि दुसराही, म्हणजे २ पत्ते. इंजिन १ देतं. गंमत अशी की दुसरा तांडेल मोडीत काढला तर २ देतं.

वाशिष्ठी · बुधवार, रात्री ९:१५

यादीतून फिरता फिरता त्याच यादीतून काढताय. तुम्ही `list(state.watchers)` केलं नाहीत ना? पायथॉनमध्ये `for` चालू असताना यादीतला चालू घटक काढला की पुढचे सगळे एक घर मागे सरकतात आणि लगेच पुढचा वगळला जातो. पहिला काढला की दुसरा वगळला, म्हणून १. दुसरा काढला तर त्याच्यापुढे कोणीच नाही, म्हणून २.

खाडीकाठ · बुधवार, रात्री ९:३०

हो, प्रत न काढता थेट यादीवर फिरत होतो, आणि काढणंही त्याच फेरीत होत होतं. प्रत घेतल्यावर दोन्ही वेळा २.

रेवदंडा_८७ · बुधवार, रात्री ११:००

प्रत `apply` च्या *आधी* घ्या, हे विसरू नका. आधी घेतली की जाणारा पत्ता आपलं जाणं बघतो आणि त्याच घटनेत नव्याने टेबलावर आलेला ते बघत नाही. नंतर घेतली की दोन्ही उलटं होतं. हा निव्वळ कोडचा प्रश्न नाही, नियमपुस्तकात 'घटनेच्या आधी टेबलावर असलेले पत्तेच जागे होतात' अशी एक ओळ घाला.

याला लागूनच: ट्रिगरच्या फ्रेमेत पत्त्याचा नुसता क्रमांक ठेवू नका, तो किती वेळा जागा बदलून आला हाही आकडा ठेवा. ट्रिगर चालेपर्यंत तांडेल टाकलेल्या ढिगातून पिसून हातात आला असेल तर 'हा तांडेल टाका' ही पायरी त्याला धरणार नाही, कारण आकडा जुळत नाही. बाकीच्या पायऱ्या मात्र चालू राहतात. डोमिनियनचं जुनं उदाहरण यासाठी उपयोगी आहे: थ्रोन रूम या पत्त्याने फीस्ट दोनदा खेळला तर फीस्ट मोडीत एकदाच निघतो, पण त्याबदल्यात पत्ता दोनदा मिळतो.

वाशिष्ठी · गुरुवार, रात्री ८:२०

एक सोपा मार्ग सुचवतो. पायऱ्यांच्या यादीपेक्षा पायथॉनचे जनरेटर वापरा. प्रत्येक पत्ता एक साधं फंक्शन आणि खेळाडूला विचारायचं तिथे `yield`. वाचायला कितीतरी सोपं.

रेवदंडा_८७ · गुरुवार, रात्री ९:४५

वाचायला सोपं आहे, मान्य. पण अर्धवट चाललेला जनरेटर पायथॉनला `pickle` करून साठवता येत नाही. पावसात लाईट गेली, किंवा फोनने मागे गेलेलं अ‍ॅप बंद केलं आणि खेळ नेमका 'कोणता पत्ता टाकता?' या प्रश्नावर थांबलेला होता, तर तो तिथून उठवता येणार नाही. यादी आणि आकडा यांची फ्रेम सरळ जेसनमध्ये उतरते.

वाशिष्ठी · गुरुवार, रात्री १०:१०

त्यावर उपाय आहे. पिसण्याचा सीड आणि खेळाडूंनी केलेल्या निवडी एवढंच साठवा आणि उघडताना सुरुवातीपासून पुन्हा चालवा. जनरेटर त्याच जागी येऊन थांबतो.

रेवदंडा_८७ · गुरुवार, रात्री १०:३०

चालतं, आणि चुका शोधायला तर फारच उत्तम. मी दोन्ही ठेवतो. फक्त मधल्या काळात एखाद्या पत्त्याचा मजकूर सुधारला तर जुना डाव वेगळ्याच वाटेने जातो, म्हणून साठवताना पत्त्यांच्या आवृत्तीचा आकडाही ठेवा आणि न जुळल्यास उघडू नका. आणि खेळाच्या सीडचा रँडम वेगळा ठेवा. तोच रँडम अ‍ॅनिमेशनने वापरला की पुनरावृत्ती बिघडते.

खाडीकाठ · शनिवार, सायंकाळी ६:३०

आज टेबलावर खरा पेच आला. खेळात 'बंदी' नावाचा पत्ता आहे. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, त्यावरून. मजकूर: तुमची पुढची पाळी सुरू होईपर्यंत कोणी पत्ता ओढणार असेल तर त्याने त्याऐवजी १ नाणं घ्यावं.

आधी तो ट्रिगर म्हणून लिहिला होता. पत्ता ओढून व्हायचा आणि वर नाणंही मिळायचं. 'ऐवजी' असलेले पत्ते वेगळे ठेवून `apply` च्या आधी तपासले, ते ठीक झालं. पण बंदी लागू असताना समोरच्याने सुतार खेळला आणि इंजिन अडकलं. हात ३. ४ होईपर्यंत ओढायचं, दर ओढण्याऐवजी १ नाणं, हात ३ च राहतो, पुन्हा ओढा. लॉगमध्ये १०,००० नाणी दिसल्यावर बंद केलं.

कुडाळी · शनिवार, रात्री ८:००

पायऱ्यांना मर्यादा घाला. एका पाळीत १,००० च्या पुढे गेलं की थांबवा.

रेवदंडा_८७ · शनिवार, रात्री ९:२०

मर्यादा ठेवाच, पण ती चूक पकडायला. १,००० नाणी देऊन थांबलं तर तोही निकाल चुकीचाच.

सुताराची पायरी कशी लिहिली आहे? दोन शक्यता आहेत. दर ओढण्यानंतर हात मोजायचा, म्हणजे मध्ये दुसऱ्या ट्रिगराने पत्ता आला तर तोही धरला जातो, पण बंदीत ते अनंत होतं. किंवा पायरी सुरू होताना एकदाच मोजून 'एवढे ओढा' ठरवायचं. मग बंदीत १ नाणं मिळून संपतं, पण मध्ये आलेला पत्ता धरला जात नाही आणि हात ५ होऊ शकतो. ही मोजणी पायरी सुरू होतानाच, पत्ता खेळल्याक्षणी नव्हे. तेव्हा मोजली तर हात ४ असल्यामुळे उत्तर ० येईल.

मी पहिली घेईन आणि एक अट जोडेन: ओढायचा प्रयत्न झाला आणि हात वाढला नाही, तर थांबा. गठ्ठा आणि ढीग दोन्ही रिकामे असतानाही हीच अट कामाला येते.

वाशिष्ठी · शनिवार, रात्री ९:५०

ती अट मला पटत नाही. समजा 'पत्ता ओढला की हातातला १ टाका' असा कायमचा ट्रिगर आहे. ओढला, टाकला, हात तेवढाच. तिथे खेळाडू चांगले पत्ते शोधत राहू शकतो, तो नियमाने कायदेशीर असायला हवा. तुमची अट त्याला पहिल्याच पत्त्यावर थांबवते.

रेवदंडा_८७ · शनिवार, रात्री १०:२५

मग अट हातावर न ठेवता ओढण्यावर ठेवू: पत्ता खरोखर हातात आला नाही तर थांबा, नंतर तो टाकला गेला तरी चालेल. बंदीत पत्ता येतच नाही, म्हणून १ नाणं आणि समाप्त. तुमच्या उदाहरणात मात्र ढीग पिसून पिसून ते अनंत चालू शकेल, आणि त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. असा पत्ता आणि सुतार एका खेळात ठेवू नयेत असंच वाटतं.

खाडीकाठ · रविवार, सकाळी १०:४०

ओढण्यावरची अट घातली. बंदीत सुतार: १ नाणं, हात ३. रिकाम्या गठ्ठ्यावर सुतार: हात ३, नाणं नाही. दोन्हीच्या टेस्ट लिहिल्या. वाशिष्ठींचा 'ओढला की टाका' हा पत्ता अजून आमच्याकडे नाही, पण 'भरती-ओहोटी' नावाने तसाच एक कागदावर आहे. संध्याकाळी टेबलावर सुताराबरोबर मुद्दाम खेळवतो आणि काय होतं ते इथे लिहितो.